एकाच कॉरिडॉरमध्ये दिवसातून सात वेळा समोर येणाऱ्या सहकाऱ्याला नमस्कार किती वेळा?

जिना_डावीकडे (सोमवार, रात्री ९:४०)

प्रश्न क्षुल्लक आहे, पण रोज पडतो म्हणून इथे टाकतोय. इंजिनिअरिंग कॉलेज, दुसरा मजला, सरळसोट कॉरिडॉर, लांबी साधारण ४५ मीटर. एका टोकाला आमची लॅब, दुसऱ्या टोकाला झेरॉक्स आणि पाण्याचा कूलर. मध्ये वळण नाही, आडोसा नाही. शेजारच्या विभागातले एक सर याच पट्ट्यात ये-जा करतात. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, ओळख कामापुरती, वैर काही नाही.

आजचा हिशोब ठेवला. समोरासमोर आलो ते ९:५०, १०:०५, ११:२०, ११:२४, १:३५, ३:१० आणि ४:५० ला. पहिल्यांदा "नमस्कार सर". दुसऱ्यांदाही "नमस्कार सर", तेव्हा ते जरा गोंधळून हसले. तिसऱ्यांदा "काय सर", त्यावर ते "काही नाही" म्हणाले. चौथ्यांदा मी मोबाईल काढला. पुढचं सांगण्यासारखं नाही.

किती वेळा करायचा, आणि करायचा नसेल तेव्हा तोंडाचं करायचं काय?

रिकामटेकडा (रात्री ९:५२)

कूलरचं पाणी बंद करा, बाटली घरून आणा. सातवरून तीनवर याल.

मनोहर_काका (रात्री १०:१५)

यात विचार करण्यासारखं काय आहे कळत नाही. मोठा माणूस दिसला की नमस्कार करायचा, दहा वेळा दिसला तर दहा वेळा. वारीत बघा, माऊली दिवसातून कितीदाही भेटले तरी एकमेकांच्या पाया पडतात, कोणी मोजत नाही. नमस्काराने कोणाचं काही गेलंय का?

फोंडेकर (रात्री १०:३१)

काका, वारीतला नमस्कार समोरच्यातल्या विठ्ठलाला असतो. कूलरवर निघालेल्या सरांना तो लावता येणार नाही.

मला फ्रान्समधली पद्धत पटते. तिथे "बाँझूर" एका माणसाला दिवसातून एकदाच. त्याच माणसाला दुसऱ्यांदा म्हटलंत तर सकाळची भेट तुम्ही विसरलात असा अर्थ होतो, आणि ते त्याला लागतं. म्हणून सोपा नियम: एक माणूस, एक दिवस, एक नमस्कार. नंतर सरळ चालत सुटायचं.

उंबरठा (रात्री ११:०५)

फोंडेकर, पहिला अर्धा भाग बरोबर, शेवटचं वाक्य नाही. फ्रान्समध्येही दुसऱ्यांदा भेटल्यावर लोक भिंत झाल्यासारखे निघून जात नाहीत. ते "र-बाँझूर" म्हणतात, किंवा नुसतं "र". म्हणजे "पुन्हा". त्या एका अक्षरात "सकाळचं लक्षात आहे हं" हे येतं. आपल्या धाग्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. दुसऱ्या भेटीत नमस्कार परत करायचा नसतो, पहिला झाल्याची पोच द्यायची असते.

नव्याने रुजू झालेल्यांना ऑफिसातलं वागणं-बोलणं शिकवणं हा माझा व्यवसाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नमस्कार दार उघडतो. "आज आपण एकमेकांना दिसलो, आता काही लागलं तर बोलू शकतो" एवढाच त्याचा अर्थ. दार एकदा उघडलं की संध्याकाळपर्यंत उघडं असतं. १०:०५ ला पुन्हा पूर्ण नमस्कार केला की समोरच्याला वाटतं, मघाशी उघडलेलं याच्या लेखी उघडलंच नव्हतं. ते गोंधळून हसणं तिथून आलं. उलट ११:२४ ला मोबाईल काढलात तेव्हा उघडं दार तुम्ही तोंडावर लोटलंत. दोन्हीकडे चूक एकच, मधली पायरी गाळली गेली.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये हे नोंदवून ठेवलंय की थोड्या वेळात तीच माणसं पुन्हा समोर आली की अभिवादन प्रत्येक वेळी बारीक होत जातं. शब्द, मग हसू, मग मान, मग नुसती नजर. बारीक होतं, पण पूर्ण नाहीसं होत नाही. अनोळखी माणसाला आपण जसं न बघितल्यासारखं करतो तसं ओळखीच्याला केलं, तर त्याला भांडण असा वास येतो.

म्हणून "किती वेळा" याचं उत्तर: प्रत्येक वेळी काहीतरी, शब्दांनी मात्र दिवसातून दोनदा-तीनदाच.

केतकी_ना (मंगळवार, सकाळी ८:१०)

"प्रत्येक वेळी काहीतरी" हे बायकांच्या बाजूनेही बघा. सातही वेळा थांबून हसणारा सहकारी असला की तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून आम्ही दुसरा जिना धरतो. हेतू वाईट असतोच असं नाही. पण आमच्या हातात तेव्हा एकच गोष्ट उरते: आपलं हसू आखडतं घेणं. ते घेतलं की तोच माणूस "मॅडमना शिष्टपणा चढलाय" म्हणत फिरतो.

पुरुषांना एवढंच सांगेन, उत्तर ज्या मापाचं आलं त्याच मापाने पुढचं करा. मी नुसती मान हलवली असेल तर पुढच्या फेरीत तुम्ही "काय मॅडम, फारच धावपळ!" वर चढू नका.

उंबरठा (सकाळी ८:४०)

केतकीताईंचं शंभर टक्के बरोबर, आणि ते फक्त बायकांपुरतं नाही. कारणाशिवाय पायरी चढायची नाही. समोरच्याने ज्या पायरीवर उत्तर दिलं तिच्यावर किंवा एक खाली. हे माझ्या कालच्या प्रतिसादात यायला हवं होतं.

शिरस्तेदार (सकाळी ९:२५)

इतका काथ्याकूट कशाला? याचा शासन निर्णय आहे. २०२२ मध्ये आलाय, सरकारी कर्मचाऱ्यांनी एकमेकांना भेटल्यावर वंदे मातरम् म्हणायचं. कॉलेज अनुदानित असेल तर तुम्हालाही लागू. प्रत्येक भेटीला एकदा.

फोंडेकर (सकाळी ९:३३)

शिरस्तेदार, ऑक्टोबर २०२२ चा तो निर्णय मुख्यतः फोनवरच्या "हॅलो"बद्दल होता. हॅलोऐवजी वंदे मातरम् म्हणा असं आवाहन होतं, सक्ती नव्हती. कॉरिडॉरमध्ये सातव्या वेळी काय म्हणायचं हे त्यात नाही.

शिरस्तेदार (सकाळी ९:४१)

सक्ती नव्हती हे मान्य. पण ठरलेला शब्द असला की डोक्याला त्रास नसतो एवढंच म्हणायचं होतं. "जय हिंद सर" म्हणणाऱ्या खात्यांत हा धागा निघाला नसता.

हॅम्बुर्गकर (दुपारी १:२०)

ठरलेल्या शब्दावरून आठवलं. जर्मनीतल्या ऑफिसांत साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान कॉरिडॉरमध्ये सगळे एकमेकांना "मालत्साइट" म्हणतात. शब्दशः अर्थ "जेवणवेळ". जेवायला जाणारा म्हणतो, जेवून आलेला म्हणतो, ज्याचा जेवणाशी काही संबंध नाही तोही म्हणतो. उत्तरही "मालत्साइट"च. नवीन मराठी माणूस हमखास गडबडतो. तो "हो, झालं" असं उत्तर द्यायला जातो, तोवर समोरचा चार पावलं पुढे गेलेला असतो.

सोय अशी की सकाळचा नमस्कार खर्च झाल्यावर दुपारी एक नवा कोरा नमस्कार हातात येतो.

दुपारचा_चहा (दुपारी २:०५)

आपल्याकडे तेच काम "जेवण झालं का?" करतं की! आणि दहा-साडेदहाला "चहा झाला?". मी तर दिवसभर यावरच निभावतो. सकाळी चहा, दुपारी जेवण, चारला परत चहा.

उंबरठा (दुपारी २:५०)

निभावतं, पण या दोघांत एक फरक आहे आणि तिथेच लोक घसरतात. "मालत्साइट" हा प्रश्न नाही. "जेवण झालं का?" हा दिसायला प्रश्न आहे, त्यामुळे त्याला उत्तर येतं आणि ते उत्तर लक्षात ठेवावं लागतं. १:३५ ला विचारलंत, ते "हो, आत्ताच" म्हणाले. २:१० ला पुन्हा समोर आले आणि सवयीने तुमच्या तोंडून परत "जेवण झालं का?" गेलं, तर मघाशी उत्तर ऐकलंच नव्हतं हे उघड झालं. दोनदा "नमस्कार" म्हणणं त्यापेक्षा परवडलं. म्हणून हे वाक्य एका माणसाला दिवसातून एकदाच आणि वेळेतच. बाराच्या आधी विचारलं तर तो खरंच घड्याळ बघतो. अडीचनंतर विचारलं तर "अहो, आता काय!" ऐकावं लागतं. उपासाच्या दिवशी तर समोरचा थांबून साबुदाण्यावर बोलायला लागतो.

"काय सर" ला "काही नाही" हे उत्तर आलं तेही असंच. "काय" मोकळा प्रश्न आहे. बरोबरीच्या मित्राला तो चालतो, कारण तोही "काय" म्हणून परत फेकतो. वयाने मोठ्या आणि कामापुरत्या ओळखीच्या माणसाला काय परत फेकावं कळत नाही.

जिना_डावीकडे (दुपारी ४:५५)

हे पटलं. पण माझी खरी अडचण त्या ४५ मीटरची आहे. ते लॅबच्या टोकाला दिसतात, मी झेरॉक्सपाशी. मग सगळा कॉरिडॉरभर बघायचं कुठे? लवकर हसलं तर हसू धरून ठेवावं लागतं.

रिकामटेकडा (सायंकाळी ५:००)

हसू धरून ठेवावं लागतं 😂😂

उंबरठा (सायंकाळी ५:४५)

हसण्यावारी नेऊ नका, खरा घोळ तिथेच आहे. किती वेळा करायचा याहून कुठे करायचा हे चुकतं.

गणित करा. माणूस सहज चालीने सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. दोघं समोरासमोर, म्हणजे अंतर सेकंदाला अडीच मीटरने कमी होतं. ४५ मीटर संपायला १८ सेकंद. एवढा वेळ कोणी कोणाकडे बघत राहू शकत नाही. १५ मीटरवर हसलात तर गाठ पडायला सहा सेकंद उरतात, आणि तेवढा वेळ हसू तोंडावर ठेवलं की त्याचा फोटो होतो.

लोक जिथे सहज वागतात तिथे हे दोन टप्प्यांत होतं. लांबून ओळख पटल्याची एक नजर जाते, अर्ध्या सेकंदाची. मग दोघंही नजर काढून घेतात, नोटीस बोर्ड, खिडकी, हातातला कागद, काहीही. अगदी जवळ आल्यावर पुन्हा बघतात आणि तिथे काय ते होतं. केंडन आणि फर्बर यांनी १९७३ मध्ये माणसांच्या भेटींचं चित्रीकरण बारकाईने तपासून हेच लिहिलं होतं: जवळ येताना मधल्या पट्ट्यात लोक नजर दुसरीकडे नेतात. म्हणजे मध्ये नोटीस बोर्ड वाचणं हा पळपुटेपणा नाही, ती रीतच आहे.

तुमच्या कॉरिडॉरला लावून सांगतो. दिसल्या दिसल्या एकदा बघा आणि सोडून द्या. फरशांचा अंदाज घेऊन ठेवा. दोन फुटी फरशी असेल तर मधल्या सात-आठ फरशा उरल्या की नजर वर. पाच उरल्या, म्हणजे तीन मीटर, की हसू किंवा मान. त्यानंतर सेकंदभरात तुम्ही एकमेकांना ओलांडता, म्हणून लगेच नजर पुढे. याहून उशीर केलात, अगदी खांद्याला खांदा लागताना बोललात, तर शब्द त्यांच्या पाठीवर पडतात आणि त्यांना वळून थांबावं लागतं. तुम्हाला थांबवायचं नव्हतं, पण थांबवलंत.

मानेचंही एक सांगतो. हनुवटी वर उचलणं हे "काय रे" आहे, बरोबरीच्याला. मान खाली झुकवणं हे "नमस्कार" आहे, मोठ्याला. लांबून दोन्ही सारखी वाटतात, पण पन्नाशीतल्या सरांना हनुवटी उचलून दाखवलीत तर ते लक्षात ठेवतील.

केतकी_ना (सायंकाळी ६:२०)

आणि मोबाईल? अर्धं ऑफिस तोच काढतं.

उंबरठा (सायंकाळी ६:३५)

मोबाईल आधीपासून हातात असेल, दारातून बाहेर पडतानाच डोळे त्यात असतील, तर कोणाला काही वाटत नाही. समोरचा दिसल्यानंतर तो खिशातून निघतो, तेव्हा सगळं कळतं. वीस मीटरवर तुमची मान वर गेली, ओळख पटली आणि हात खिशात गेला, हे तीन तुकडे त्यांना ओळीने दिसतात. काढलाच असेल तर ओलांडायच्या आधी एकदा वर बघून मान झुकवा. सगळं माफ होतं.

पाऊलखुणा (रात्री ८:१५)

धागा आवडला, पण सगळे डोळे, मान, भुवई यावरच बोलताय म्हणून लिहिते. अंध आणि अल्पदृष्टी लोकांना ऑफिसात वावरायला शिकवण्याचं काम करते. तुमच्या कॉरिडॉरमध्ये कोणी दृष्टिहीन सहकारी असेल तर हा सगळा उतरता क्रम त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पहिल्यांदा तुम्ही बोललात, पुढच्या सहा वेळा मान हलवली, म्हणजे त्याच्या हिशोबी तुम्ही सहा वेळा गप्प निघून गेलात. पावलं ऐकू येतात. बरेच जण पावलांवरून माणूसही ओळखतात, त्यामुळे ते गप्प जाणं जास्तच बोचतं.

त्यांच्याशी असं करा. पहिल्या भेटीत नाव घेऊन आणि आपलं नाव सांगून: "प्रकाश सर, मी अमुक". "ओळखा पाहू कोण" अजिबात नको, हा खेळ त्यांच्याशी दिवसातून दहा जण खेळतात. नंतरच्या भेटींत नाव पुरे, "सर, मीच" इतकंही चालतं, पण आवाज हवा. आणि चालता चालता बोलत असाल तर ओलांडायच्या जरा आधी बोला. बाजूला आल्यावर एकदम आवाज आला की ते दचकतात आणि काठी थांबते.

अल्पदृष्टी असेल तर आणखी फसगत होते. माणूस सरळ तुमच्याकडे बघत चालतो असं वाटतं, तुम्ही हसता, तो हसत नाही. त्याला चेहरा दिसलेलाच नसतो, विशेषतः तुमच्या पाठीमागे कॉरिडॉरच्या टोकाची खिडकी असेल तर. मग हा शिष्ट आहे असा शिक्का बसतो.

उंबरठा (रात्री ८:३०)

हे मी कधी शिकवलेलं नाही. पुढच्या बॅचपासून घेतो.

जिना_डावीकडे (रात्री ८:४४)

खिडकीचं मजेशीर निघालं. आमच्या लॅबच्या टोकाला मोठी खिडकी आहे. सकाळी मी त्या बाजूने आलो की सरांना माझा चेहरा काळाच दिसत असणार. ९:५० ला ते उशिरा हसतात याचं कारण हेच असेल का?

पाऊलखुणा (रात्री ८:५०)

असू शकतं. खिडकी पाठीशी असेल त्या दिशेने येताना शब्दावर भर द्या, मानेवर नको. चांगली नजर असलेल्यालाही उजेडापुढचा चेहरा दिसत नाही.

मनोहर_काका (रात्री ९:१०)

एक विचारतो. जो कॉरिडॉर तुम्ही सात वेळा ओलांडता तो पुसणाऱ्या मावशींना यातलं किती जण काय करतात? त्या दिवसातून वीस वेळा समोर येतात. त्यांच्यासाठी पहिला तरी नमस्कार होतो का, का एकदम शेवटच्या पायरीपासून सुरुवात?

दुपारचा_चहा (रात्री ९:१८)

काका, लागलं. बहुतेक ठिकाणी त्याच पहिलं बोलतात, "ओलं आहे, सांभाळून".

केतकी_ना (रात्री ९:२४)

आणि त्यावर आपण "हं" म्हणतो. त्यांच्यासाठी तोच दिवसाचा नमस्कार.

फोंडेकर (रात्री ९:४०)

काकांना +१. पण मूळ प्रश्नाकडे. उंबरठा, त्या सात वेळा जशाच्या तशा सोडवून दाखवा की. नियम कळतो, पण ११:२० आणि ११:२४ मध्ये काय करायचं हे अजून स्पष्ट नाही.

उंबरठा (रात्री १०:२०)

सोडवतो.

९:५० ला पूर्ण. "नमस्कार सर", वेग किंचित कमी करून. थांबायचं नाही, तुम्ही थांबलात की त्यांनाही थांबावं लागतं. हात मोकळे असतील तर जोडा, फाईल असेल तर मान पुरते. लॅबकडून येत असाल तर पाऊलखुणांनी सांगितलंय तसं, शब्द नीट ऐकू जाऊ दे.

१०:०५ ला पंधराच मिनिटं झालीत. हसू आणि मान. शब्द नाही. इथे तुम्ही दुसरा नमस्कार केलात, तोच सोडायचा होता.

११:२० ला सव्वा तास मध्ये गेलाय, त्यामुळे मुकी मान जरा कोरडी वाटू शकते. नमस्कार पुन्हा नको, प्रश्न नको. डोळ्यांना दिसतंय त्यावर एक वाक्य. त्यांच्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असेल तर "पेपर आले वाटतं". बाहेरून भिजून आले असतील तर "पाऊस लागला वाटतं". या वाक्यांना "हो ना" एवढं उत्तर पुरतं आणि चालणं तुटत नाही. काहीच दिसत नसेल तर शोधत बसू नका, मान झुकवा आणि जा.

११:२४ ला ते झेरॉक्स काढून परत येतायत. चार मिनिटांपूर्वीची भेट अजून संपलेलीच नाही असं धरा. नजर भिडली तर भुवई किंवा ओठाचा कोपरा. नाही भिडली तर भिडवायला जाऊ नका. त्यांच्या हातात गठ्ठा असेल तर भिंतीकडे अर्धं पाऊल सरकून वाट द्या, तोच नमस्कार समजतात.

१:३५ ला जेवणाची सुट्टी मध्ये गेली. इथे एक पायरी चढायला कारण मिळालं. "जेवण झालं सर?" हा दिवसातला एकदाचा खर्च इथे करा.

३:१० ला परत मान.

४:५० ला खांद्यावर बॅग असेल तर "येतो सर". त्यांच्या खांद्यावर असेल तर "निघालात?". बॅग कोणाच्याच खांद्यावर नसेल तर निरोप घेऊ नका, मान पुरे. शब्द ९:५०, १:३५ आणि ४:५० ला, आणि जमलं तर ११:२० ला. बाकी तीन मुकी.

एक अपवाद. ३:१० ला सरांबरोबर दुसरे कोणी असतील, समजा त्यांचे विभागप्रमुख, आणि ते आज तुम्हाला पहिल्यांदाच दिसतायत, तर पूर्ण नमस्कार विभागप्रमुखांना करा आणि सरांना त्याच ओघात मान. पायरी माणसागणिक मोजायची असते, कॉरिडॉरगणिक नाही. फक्त आधी प्रमुखांशी बोललात तर सरांना वाटतं, आपल्याला नुसती मान आणि साहेब दिसले की वाचा फुटली. म्हणून मान सरांना आधी, शब्द प्रमुखांना नंतर.

शिरस्तेदार (रात्री १०:४०)

इथे मी असहमत. आमच्याकडे साहेब कॉरिडॉरमध्ये दिसले की प्रत्येक वेळी उभं राहून नमस्कार, आणि साहेबांना तो लागतो. तुम्ही चौथ्या वेळी भुवई उचललीत तर पाचव्या वेळी केबिनमध्ये बोलावतील. उतरता क्रम बरोबरीच्यांत ठीक आहे.

उंबरठा (रात्री ११:००)

काही साहेबांना लागतो हे खरं. पण त्यातही बघा, साहेब स्वतः पहिल्या वेळी "नमस्कार" म्हणतात, तिसऱ्या वेळी नुसती मान, नंतर हातातल्या फाईलकडेच बघत जातात. ते क्रम उतरवत असतात, तुम्ही वरच राहता. दोघांत जेवढं अंतर तेवढा खालच्याचा क्रम सावकाश उतरतो, असं मी म्हणेन.

शिरस्तेदार (रात्री ११:०८)

सावकाश म्हणजे किती?

उंबरठा (रात्री ११:१२)

ते साहेबावर आहे. याला माझ्याकडे आकडा नाही.

हॅम्बुर्गकर (बुधवार, दुपारी १२:४०)

४:५० वरून एक पुरवणी. निरोप घेतल्यावर पुन्हा भेटणं हे सगळ्यात अवघड. "येतो सर" म्हणून निघालात, डबा लॅबमध्ये राहिला, परत आलात, सर तिथेच. आता?

दुपारचा_चहा (दुपारी १२:५५)

डबा वर करून दाखवायचा. "राहिला" एवढं म्हणायचं. परत आल्याचं कारण दिसलं की दुसरा निरोप लागत नाही.

उंबरठा (दुपारी १:१०)

अगदी. दुसऱ्यांदा "येतो" म्हटलं की पहिलं खोटं ठरतं. कारण दाखवा आणि मान हलवून निघा.

जिना_डावीकडे (बुधवार, सायंकाळी ७:३०)

आज करून पाहिलं. फरशा दोन फुटीच निघाल्या. पाच फरशांवर मान झुकवली, सरांनीही त्याच वेळी झुकवली, आणि दोघंही गप्प पुढे गेलो. ११ च्या सुमारास त्यांच्या हातात गठ्ठा होता, "पेपर आले वाटतं" म्हटलं. ते थांबले आणि दहा मिनिटं विद्यापीठाच्या मूल्यांकनावर बोलले. हे कुठल्या पायरीत धरायचं?

रिकामटेकडा (सायंकाळी ७:३४)

बाटली घरून आणा सांगितलं होतं.

केतकी_ना (सायंकाळी ७:५०)

दहा मिनिटं बोलले म्हणजे तुमची ओळख आता कामापुरती राहिलेली नाही. उद्यापासून ९:५० चं सगळं गणित बदलणार.